मशीनला चालणारा अपघात

रुपराव मेश्राम आमच्या स्टुडिओत आले ते आवाज द्यायला. प्रताप नगरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पायलताईने दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथे आम्ही मोबाईल उभा धरून पाहायच्या मालिका बनवायचो, दीड-दीड मिनिटाचे भाग. नट नाही, कॅमेरा नाही. वाक्य लिहायचं, मशीन चित्र हलवून देतं, आणि मी, वैभवी, ते तुकडे जोडून त्याला आवाज लावायची. पण थपडेचा आणि बुक्कीचा आवाज इंटरनेटवर मिळतो तो सगळा एकसारखा. म्हणून पायलताईने कुठून तरी या माणसाचा पत्ता काढला. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या नाटक कंपन्यांमध्ये ते तेवीस वर्षं फाईट मास्तर होते. धानाची कापणी झाली की गावोगाव मंडप पडायचे आणि पहाटेपर्यंत नाटक चालायचं. त्यातली सगळी मारामारी मास्तर बसवून द्यायचे. एकदा स्टेजच्या फळ्या सरकल्या, गुडघा गेला, आणि ते शहराबाहेर, गोदामांच्या वाडीला येऊन एका गोदामावर चौकीदार झाले.

पहिल्या दिवशी ते ओलं पोतं आणि एक जुनी रबरी चप्पल घेऊन आले. पोत्यावर चप्पल मारली तो आवाज मी आजही वापरते.

त्या दिवशी आम्ही एका भागापाशी अडकलो होतो. नायकाचा भाऊ गुंडाला हॉटेलात मारतो, एवढाच प्रसंग. पायलताई सकाळपासून लिहीत होती आणि मशीन सकाळपासून नाही म्हणत होतं. "हे आमच्या नियमांत बसत नाही," एवढंच पडद्यावर यायचं, कोणता शब्द खटकला ते कधीच सांगायचं नाही. तिने 'नाक फोडतो' काढून 'मारतो' केलं, तरी नाही. मग तिने शेवटी 'रक्त दाखवू नये' असं लिहिलं, तेव्हाही नाही, कारण नको म्हणायला का होईना, रक्त हा शब्द तिथे होताच. आदल्या आठवड्यात तिने अक्षरं मुद्दाम चुकीची लिहून पाहिली होती. त्यावर कंपनीचं पत्र आलं, की पुन्हा असं केलं तर खातं बंद करू. तेव्हापासून ती घाबरली होती.

मास्तर मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी मला विचारलं, हे मशीन वाचते का पाहते? मी सांगितलं, दोन्ही. आधी आपण लिहिलेलं वाचतं. ते पटलं तर चित्र बनवतं, आणि आपल्याला दाखवायच्या आधी ते चित्रही तपासतं. एखाद्या वेळी लिहिलेलं पास होतं आणि चित्र नापास होतं. दिवाळीच्या भागात जमिनीवर सांडलेलं कुंकू त्याने जखम समजून अडवलं होतं.

मास्तर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

"पोरी, स्टेजवर कोणी कोणाले मारत नाही," ते म्हणाले. "मारणारा फक्त हात आणते. मार जो खाते ना, तो बनवते. तू मार खाणाऱ्याचं लिही."

मग ते मराठीत सांगत गेले आणि मी इंग्रजीत टाईप करत गेले. सुरुवातीलाच त्यांनी लिहायला लावलं की हा सिनेमाचा बसवलेला प्रसंग आहे, दोघंही मोठी माणसं आहेत. मग तुकड्यातुकड्याने, मध्ये 'काट' म्हणत: भाऊ पाठमोरा, कॅमेरा त्याच्या खांद्यामागे. तो खांदा जोरात फिरवतो. समोरच्याचा तोल जातो, तो तीन पावलं मागे जातो, कमरेने टेबल सरकतं. काट. जमिनीवर स्टीलचा ग्लास गोल फिरतोय. काट. काउंटरमागचा म्हातारा हातातलं फडकं खाली ठेवतो. काट. गुंड भिंतीला टेकून उभा, शर्टाची बाही उसवलेली, श्वास लागलेला. एका तुकड्यात एकच हालचाल. हात गालाला लागतो ती जागा कुठेच दाखवायची नाही, तिथे नंतर ओल्या पोत्याचा आवाज लावायचा. 'मारतो' हा शब्द अख्ख्या प्रसंगात नव्हता. चारही तुकडे पहिल्या झटक्यात आले. जोडून पाहिल्यावर पायलताईने आपोआप स्वतःच्या गालाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज यायला लागले.

ते आठ महिने त्यांच्या आयुष्यातले बरे दिवस असावेत. वाडीहून बसने यायचे, गुडघ्यामुळे जिना चढायला वेळ घ्यायचे, वर आले की आधी पाणी प्यायचे आणि मग काल काय अडलं ते विचारायचे. त्यांना मशीनचा राग नव्हता. नाटकाच्या दिवसांत गावचे पाटील पहिल्या रांगेत बायकापोरांना घेऊन बसायचे, त्यांच्यासमोर काय चालतं आणि काय नाही हे सांभाळावं लागायचं, तसंच हे, असं ते म्हणायचे. लहान मूल मार खातंय असा प्रसंग आला की ते सरळ सांगायचे, हा लिहूच नका, दाराबाहेर उभ्या आईचा चेहरा घ्या. विहिरीतली उडी त्यांनी नुसत्या पोहऱ्याच्या दोरावर उभी केली होती.

स्वतःबद्दल मात्र काही सांगत नसत. बायको होती, पंचफुला नाव, वाडीलाच गोदामात पोती शिवायच्या कामावर जायची, तीन वर्षांपूर्वी ट्रकच्या अपघातात गेली, एवढं पायलताईला ठाऊक होतं आणि तिच्याकडून मला. अपघाताच्या वेळी मास्तर त्याच गोदामाच्या फाटकावर ड्यूटीला होते, हे मला नंतर कळलं.

मालिकांचं काम एकदम आटलं. आमच्या मालिका घेणाऱ्या ॲपवाल्यांनी स्वतःच मशीनवर भाग बनवणं सुरू केलं. मग पायलताईने ट्रान्सपोर्टवाल्यांकडे, कारखान्यांकडे खेटे घातले आणि वाडीच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं काम आणलं. पंचफुलाबाई गेल्या ती ही कंपनी नव्हे, दुसरी. त्यांच्या यार्डात दोन अपघात झाले होते आणि कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्या असं वरून आलं होतं. त्यांना तीन मिनिटांची फिल्म हवी होती. विषय होता, मागे येणारा ट्रक. गोदामाच्या अंगणात एक कामगार बाई, ट्रक रिव्हर्समध्ये, आणि अपघात. कंपनीच्या माणसाने, पुष्कर नावाचा तरुण सेफ्टी ऑफिसर, फोनवर सांगितलं की रक्त, मृतदेह काही नको, पण पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे.

पायलताईने हे मास्तरांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. ती म्हणाली, मास्तर, तुम्हाला नको असेल तर आम्ही करतो. आम्ही दोन दिवस करूनही पाहिलं होतं. 'ट्रकखाली' लिहिलं की मशीन अडवायचं. 'धडक बसते' लिहिलं तर एकदा पास झालं, पण ट्रक बाईच्या आरपार धुरासारखा गेला.

मास्तरांनी खुर्ची माझ्या टेबलापाशी ओढली. मग म्हणाले, "मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगितलं तर चुकीचं होईन."

त्यांनी सांगायला दोन दिवस घेतले. सकाळची वेळ, अंगणात तिरपं ऊन. पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून एक बाई बसलेली, दाभणाने पोतं शिवतेय, बाजूला सुतळीचा गोळा. काट. ड्रायव्हर आरशात पाहतो, आरशात फक्त पोती दिसतात. काट. ट्रकच्या मागच्या बाजूला रिव्हर्स हॉर्नची वायर तुटून लोंबतेय. काट. ट्रकमागे जिथे क्लीनरने उभं राहून 'आन दे, आन दे' म्हणायला पाहिजे, ती जागा रिकामी. काट. चाक हळूच मागे फिरतं, माती दबते. काट. माल उतरवायच्या फलाटावरचे तीन हमाल एकाच वेळी मान वळवतात, एकाचा हात वर जातो. काट. सुतळीचा गोळा घरंगळत अंगणभर उलगडत जातो. कॅमेरा गोळ्यासोबत जातो, माणसांकडे वळत नाही. गोळा थांबतो. सुतळी ताणलेली. ट्रकचं इंजिन बंद होतं. शेवट लांबून, अख्खं अंगण, माणसं पळत येताहेत, त्यांच्या पाठी.

बाईच्या लुगड्याचा रंग मी विचारला. ते म्हणाले, लाल. मग स्वतःच म्हणाले, लाल नको, जमिनीपाशी लाल दिसलं की अडवते ना थे? निळं कर.

मी निळं केलं.

सगळे तुकडे पहिल्या वेळी पास झाले. बाईचा चेहरा मशीनने स्वतःच्या मनाने बनवला होता, अनोळखी, पन्नाशीची, कपाळ रुंद. मास्तरांनी तो पाहिला आणि पुढचा तुकडा लावायला सांगितलं. मी आवाज लावायला बसले तेव्हा त्यांनी सांगितलं, गोळ्यावर काही लावू नको. इंजिन बंद झालं की पाचपर्यंत मोज आणि मग माणसांचा आवाज येऊ दे. मी मोजलं. मी कामात कधी रडत नाही, त्या दिवशी चष्मा पुसावा लागला.

पुष्करने फिल्म पाहिली आणि स्वतः प्रताप नगरला आला. माणूस वाईट नव्हता. जिना चढून आला तर आधी मास्तरांना नमस्कार केला, फार ताकदीचं काम झालंय म्हणाला. मग वही काढली. त्याच्या साहेबांनी दोनच बदल सांगितले होते. तुटलेली वायर काढायची, कारण आमच्या गाड्या अशा नसतात. आणि क्लीनरची रिकामी जागा काढायची. पण मग अपघात का झाला, असं पायलताईने विचारलं. तो म्हणाला, तेच, कामगारांना काहीतरी शिकवण पाहिजे. बाईच्या कानाला मोबाईल द्या. ती बोलण्यात गुंग आहे, तिचं लक्ष नाही.

मास्तर खिडकीपाशी उभे होते. तिथूनच त्यांनी विचारलं की पोतं शिवणारी बाई फोन कशाला घेऊन बसेल. दोन्ही हात कामात असतात. पुष्कर म्हणाला, आजकाल सगळ्यांकडे असतो हो. मास्तर म्हणाले, तिच्याकडे नव्हता. पुष्करला कळलं नाही की ते कोणाबद्दल बोलतायत. तो म्हणाला, फिल्ममधल्या बाईकडे आपण देऊ शकतो ना. आणि घड्याळ पाहून निघून गेला.

त्यानंतर पायलताई आणि मास्तर बोलले. आरडाओरडा झाला नाही. पायलताईने सांगितलं की हे काम परत गेलं तर पुढचं येणार नाही, स्टुडिओ बंद होईल, आणि दुसरा कोणीतरी हीच फिल्म याच्यापेक्षा वाईट बनवून देईल. निदान ट्रकमागे बसू नये एवढं तरी लोक शिकतील. मास्तरांनी एकच मागितलं. ही बाई काढा, दुसरी घ्या, दुसरं अंगण, दुसरा ट्रक. माझं सांगितलेलं नका वापरू. पायलताई म्हणाली, परवा द्यायचंय, मास्तर.

ती तिच्या खोलीत गेली. मास्तर माझ्याजवळ येऊन बसले.

"ते मशीन रक्त पाहून थांबते ना?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"हे पाहून नाही थांबणार? फोन दिला तर?"

मी म्हटलं, नाही मास्तर. फोन कानाला लावलेली बाई त्याला चालते. त्यात अडवण्यासारखं काही नाही.

त्यांनी थोडा वेळ गुडघा चोळला. मग म्हणाले, "मग असं लिही का ते थांबलं पाहिजे. मी सांगतो. जसं झालं तसं लिही."

मी थांबायला हवं होतं, पण मी टाईप करत गेले. फाटकापासून ते अंगणात पळत गेले तिथून त्यांनी सुरुवात केली. गेल्या आठ महिन्यांत जे जे शब्द लिहू नको म्हणून त्यांनी मला शिकवलं होतं ते सगळे त्यांनी एकेक करून सांगितले. काहीच वळवून सांगितलं नाही. लुगडं लाल होतं तेही सांगितलं. त्यांचा आवाज कुठेही वर गेला नाही. सामानाची यादी सांगावी तसे ते सांगत होते, आणि एका ठिकाणी मला शब्द सुचेना तेव्हा ते माझ्यासाठी थांबले. त्यांनी काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही.

संपल्यावर त्यांनी बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. क्षणभरात पडद्यावर तेच जुनं वाक्य आलं, हे आमच्या नियमांत बसत नाही.

"अडवलं," मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांना वाटलं होतं, आता ती फिल्म बनायची नाही.

मला त्यांना समजावून सांगावं लागलं. मशीनने हे वाक्य अडवलं, मास्तर. फिल्म नाही अडवली. ते आधीचं काही लक्षात ठेवत नाही. पायलताई उद्या दुसरं वाक्य लिहील, ते पास होईल.

"म्हणजे खरं होतं तेवढंच अडवलं," ते म्हणाले आणि उठले. जिना उतरताना मी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होते, एक पाऊल लांब, एक आखूड.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. पायलताईला ताप होता, ती घरून फोनवर सांगत होती. बदल मीच केले. मास्तरांचंच वाक्य उघडलं. दोन तुकडे काढले, वायरचा आणि रिकाम्या जागेचा. पहिल्या तुकड्यात 'बाई दाभणाने पोतं शिवतेय' याच्या पुढे 'एका हाताने कानाला मोबाईल धरून, हसत बोलतेय' एवढं घातलं. 'हसत' हा शब्द पुष्करने सांगितलेला नव्हता. तो मी घातला, नाहीतर मशीन कधीकधी चेहरा दुःखी काढतं. पहिल्याच वेळी पास झालं. बाकी सगळं तसंच राहिलं, गोळा, ताणलेली सुतळी, पाचपर्यंतची शांतता. त्यामुळे फिल्म चांगली झाली होती, आणि त्यामुळेच ती खरी वाटत होती.

कंपनीला इतकी आवडली की त्यांनी ती वाडीतल्या ओळखीच्या इतर गोदामवाल्यांनाही दिली. कामावर लागणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची, खाली अंगठा किंवा सही घ्यायची. महिनाभरात ती कामगारांच्या मोबाईलवर फिरू लागली.

मास्तर परत आलेच नाहीत. फोन उचलत नव्हते. पायलताई दोनदा म्हणाली, जाऊन ये. मीच टाळत होते. शेवटी एका रविवारी दुपारी गेले. अमरावती रोडवर उतरून ट्रकांच्या रांगेतून आत चालत गेलं की पत्र्याच्या भाड्याच्या खोल्यांची चाळ लागते, तिथे ते राहतात. दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मला पाहून उठले, आतून दुसरी खुर्ची आणली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या खाली, छोट्या चौकटीत, पंचफुलाबाईंचा. कपाळ अरुंद होतं. मशीनने काढलेल्या बाईसारख्या त्या जराही दिसत नव्हत्या.

मी माफी मागायची तयारी करून गेले होते, पण त्यांनीच विचारलं, ते आता काढून टाकता येते का? मी सांगितलं की नाही येत. आमच्याकडून काढलं तरी लोकांच्या मोबाईलमध्ये आहे. त्यांनी मान हलवली, जणू बस गेली का एवढंच विचारलं होतं.

शेजारच्या खोलीतल्या सिंधूताई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. त्याही पोती शिवायला जातात, पंचफुलाबाईंसोबत त्यांनी काही वर्षं काम केलेलं. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. त्या आपणहून बोलायला लागल्या. गोदामात आता फिल्म दाखवतात, तीनदा दाखवली, एक बाई ट्रकमागे बसून फोनवर बोलत राहते. पाहून जीव थरारतो. मग आवाज खाली आणून, मास्तरांना ऐकू जाईल इतपतच खाली, त्या म्हणाल्या, "आमच्या पंचफुलेचं बी तसंच झालं म्हणतात. मले आधी माहीत नव्हतं वं, फोनवर होती म्हणून."

मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं ते आता सांगतील. सिंधूताईंना तर माहीत असायला हवं होतं, त्या रोज बाजूला बसायच्या. पण त्यांनी ती फिल्म तीनदा पाहिली होती आणि तीन वर्षांपूर्वीची सकाळ एकदाच, तीही लांबून.

त्या गेल्यावर मी विचारलं, तुम्ही सांगत का नाही लोकांना?

"सांगितलं पहिले," मास्तर म्हणाले. "चार-सहा जणांले सांगितलं. ते म्हणतात, काका, आम्ही पाहिलं ना. आता कोणी विचारलं तर मी हो म्हणतो."

मी उठले. त्यांनी मला गुडघ्यामुळे रस्त्यापर्यंत सोडता येणार नाही म्हणून सांगितलं आणि बस कुठे थांबते ते हाताने दाखवलं.

स्टुडिओ चालू आहे. पायलताईला त्या फिल्मवर आणखी कामं मिळाली, सावनेरकडच्या कोळसा खाणीच्या एका ठेकेदाराचं, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचं. अपघात कसा लिहायचा ते मला आता येतं. मागच्या आठवड्यात जिनिंगच्या पट्ट्यात अडकलेल्या माणसाचा प्रसंग होता. मी पट्ट्याच्या आवाजाने सुरुवात केली, मग पट्ट्यावरून पुढे सरकत जाणारा कापूस, मग मान वळवणारे सोबती. त्याचं लक्ष कामावर नव्हतं असं दाखवायचं, हे जिनिंगवाल्याने आधीच लिहून पाठवलं होतं. पहिल्याच वेळी पास झालं.